गाठ काढण्याआधी थायरॉइड जागेवर आहे का, ते पाहा

डॉक्टर, आम्ही माजलगावजवळच्या खेड्यातले. माझी पोरगी आठ वर्षांची. दोन वर्षांपासून तिच्या गळ्याच्या मधोमध बोराएवढी गाठ आहे. दिवाळीत सर्दी झाली आणि गाठ लाल होऊन लिंबाएवढी फुगली. गावातले डॉक्टर चिरा मारू म्हणत होते, मालकांनी नको म्हटलं, औषधानं बसली. आता संभाजीनगरचे सर्जन म्हणायलेत की गाठीसोबत हाडाचा तुकडा आणि जिभेच्या बुडापर्यंतचं मांस काढावं लागंल. गाठ तर कातडीखाली हाताला लागती, मग हाड कशाला? पोरीचं बोलणं जाईल का? सोनोग्राफीच्या कागदावर गाठीचं माप, आत पाणी आणि 'थायरॉग्लॉसल सिस्ट' एवढंच लिहिलंय. सासूबाई म्हणायल्यात, पाचव्या महिन्यात ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.
— एक आई, बीड जिल्हा

ताई, तुमच्या सर्जननं सांगितलेलं ऑपरेशन बरोबर आहे. हाड का काढायचं ते पुढं सविस्तर सांगतो. पण तुमच्या पत्रात मला जास्त टोचली ती सोनोग्राफीची गोष्ट. त्या कागदावर थायरॉइड ग्रंथीबद्दल एक ओळही नाही. तारखेच्या आधी ती ओळ मिळवायची आहे. ती का हवी, हे कळण्यासाठी आधी ही ग्रंथी कुठून कुठं येते ते पाहू.

थायरॉइड मानेत राहते, पण तिचा जन्म मानेतला नाही. आरशासमोर पोरीला आ करायला लावलं तर जिभेचा पुढचा भाग दिसतो. त्याच्या बऱ्याच मागं, घशाकडं, जिभेच्या मध्यरेषेवर एक बारीक खळगा असतो. तो आंधळा आहे, म्हणजे कुठं आरपार जात नाही. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या जिभेला तो असतो. थायरॉइडचं बी तिथं पडतं. गर्भ चोवीस दिवसांचा, तिळाएवढा असताना त्या जागी पेशींचा एक जाडसर ठिपका तयार होतो आणि मानेच्या पुढच्या बाजूनं खाली सरकू लागतो. खरं तर तो जितका खाली जातो, तितकीच त्याच्या वरची मान आणि जीभही वाढत असते, त्यामुळं अंतर पडत जातं. जाताना मागं एक बारीक नळी राहते, एक टोक जिभेच्या खळग्याला आणि दुसरं ग्रंथीला. सातव्या आठवड्यात, गर्भ शेंगदाण्याएवढा झाला की, ग्रंथी श्वासनळीच्या पुढं आपल्या जागेवर येऊन बसते. नळीचं काम संपतं आणि ती विरून जाते.

निदान विरून जायला हवी. शंभरातल्या सुमारे सात माणसांत तिचा एखादा तुकडा राहून जातो आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. काहींच्या तुकड्यात आतलं अस्तर चिकट द्रव सोडत राहतं. द्रवाला वाट नसते, म्हणून फुगा होतो. तीच तुमच्या पोरीची गाठ.

आता सासूबाईंचं. वर सांगितलेले चोवीस दिवस गर्भ धरल्यापासूनचे आहेत. घरातल्या हिशेबानं म्हणजे पाळी चुकून जेमतेम दहा दिवस. दुसरी पाळी चुकून आठवडा होतो, तेव्हा ग्रंथी जागेवर पोचलेलीही असते. बहुतेक बायकांना तेव्हा नुसती शंका आलेली असते. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाच्या वेळी हे सगळं होऊन दोन-तीन महिने झाले होते आणि पोरीची थायरॉइड स्वतःचं हार्मोन बनवत होती. तुम्ही त्या दिवशी विळी हातात धरली असेल किंवा नसेल, त्या नळीला त्याचं काही नव्हतं. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवलंत तरी चालेल. माझ्या नावावर खपवा.

हाडाचं आता. हनुवटीच्या खाली आणि कंठाच्या उंचवट्याच्या वर, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलकेच धरलं तर एक हाड आडवं सरकतं. घोड्याच्या नालेसारखं असतं ते. त्याला हायॉइड म्हणतात. गर्भात ते मागाहून तयार होतं. नळी खाली उतरत असताना दोन्ही बाजूंनी त्याची कूर्चा मध्यरेषेकडं वाढत येते आणि नळीच्या भोवतीच जुळते. आपल्याकडं शेतात आधी पाइपलाइन पुरतात आणि दोन वर्षांनी वरून सडक होते, तसं. मग पाइप कधी सडकेच्या पुढच्या कडेला चिकटलेला सापडतो, कधी मागच्या कडेनं वळसा घालून जातो, कधी थेट सडकेच्या पोटात असतो. बाहेरून कुणालाही सांगता येत नाही. म्हणून सडकेचा तेवढा पट्टाच उकरावा लागतो.

हाडाच्या वरचा, जिभेकडचा भाग तर आणखी फसवा असतो. तिथं नळी एकच सरळ राहत नाही, केसासारख्या बारीक फांद्या फुटलेल्या असतात. त्या एकेक शोधत बसण्यात अर्थ नाही. म्हणून सर्जन हाडाच्या मधल्या तुकड्यापासून जिभेच्या खळग्याच्या दिशेनं स्नायूचा एक जाडसर गाभाच काढतात, फांद्या आपोआप त्यात येतात. हे ऑपरेशन अमेरिकेतल्या सिस्ट्रंक नावाच्या सर्जननं १९२० साली छापून मांडलं आणि शंभर वर्षांनंतरही तेच चालतं. नुसती गाठ खरवडून काढली, तर निम्म्याच्या आसपास लोकांत ती परत येते. हाडाच्या तुकड्यासकट काढली, तर शंभरात फार थोड्यांत. तुमचे सर्जन हाडाचं नाव काढत नसते, तर मी तुम्हाला सर्जन बदला म्हणालो असतो.

बोलण्याची भीती सोडा. हायॉइड दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्यानं जोडलेलं नसतं, स्नायूंवर आणि तंतूंवर टांगलेलं असतं. त्याच्या मधला सेंटिमीटरभर तुकडा गेला तरी दोन्ही बाजूंचे हात जागेवर राहतात आणि स्नायू आपापलं काम करतात. आवाजाच्या पट्ट्या त्याच्या खाली, वेगळ्या ठिकाणी असतात. चार-पाच दिवस घास गिळताना दुखेल, तेवढ्यापुरता मऊ भात, वरण, दुधात कुस्करलेली भाकरी.

आता त्या राहिलेल्या ओळीकडं येतो.

मी सुरुवातीला एका तालुक्याच्या गावी होतो. सोनोग्राफीचं मशीन तेव्हा तिथं नव्हतं आणि मला स्वतःच्या बोटांवर गरजेपेक्षा जास्त भरवसा होता. नऊ वर्षांची एक मुलगी आली. गळ्याच्या मध्यावर गाठ, गिळताना वर जाणारी, जीभ बाहेर काढली की वर ओढली जाणारी. पुस्तकात लिहिलेली सगळी लक्षणं होती. मी थायरॉग्लॉसल सिस्ट लिहिलं आणि ऑपरेशनला घेतलं. उघडल्यावर आत चिकट पाणी निघायला हवं होतं. निघाला एक भरीव, लालसर तपकिरी गोळा, वर रक्तवाहिन्यांचं जाळं. तिथं हात थांबायला हवा होता. मी थांबलो नाही. गोळा नीट सोडवला, हाडाच्या तुकड्यासकट काढला आणि छान झालं म्हणून टाके घातले. दहा दिवसांनी लॅबचा कागद आला: नेहमीसारखं थायरॉइडचं मांस, दुसरं काही नाही.

अडीच महिन्यांनी आई तिला घेऊन परत आली. तोंड सुजल्यासारखं, पोट साफ होत नाही, शाळेत बाकावर झोपते. रक्त तपासलं तर थायरॉइडचं हार्मोन जवळजवळ संपलेलं. मी काढलेला तो गोळाच तिची एकुलती एक थायरॉइड होती. जिभेपासून निघालेली ग्रंथी अर्ध्या वाटेवर थांबली होती आणि तिच्या खऱ्या जागी काहीच नव्हतं. हार्मोन शरीरात थोडे दिवस पुरतं, दर आठवड्याला साधारण निम्मं होत जातं, म्हणून आधीचे काही आठवडे काही कळलं नाही.

मला जास्त लागलं ते पुढं. तिची आई बोलता बोलता म्हणाली, "ही आधीपासूनच वर्गात सगळ्यात ठेंगणी होती." हे मी ऑपरेशनच्या आधी विचारलं असतं तर? अर्ध्या वाटेवर अडकलेली ग्रंथी बहुतेक वेळा लहान आणि अपुरी असते. वाढत्या वयात शरीराची गरज वाढली की मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच जास्त सोडू लागते, म्हणजे थायरॉइडला चाबूक मारते. त्या चाबकानं ती अपुरी ग्रंथी फुगते आणि मानेत गाठ म्हणून दिसू लागते. म्हणजे गाठ दिसत होती तेव्हाच तिचं टीएसएच वाढलेलं असणार. रक्ताच्या एका नळीत मला उत्तर मिळालं असतं.

जीभ बाहेर काढल्यावर वर जाणारी गाठ म्हणजे सिस्टच, असं पुष्कळ जण धरून चालतात. त्या खुणेतून एवढंच कळतं की गाठ जिभेच्या बुडाशी बांधलेल्या त्या जुन्या वाटेवर आहे. वाटेवर राहिलेला पाण्याचा फुगा असो की अडकलेली ग्रंथी, दोन्ही तशाच हलतात. पोरीची मान हलकेच धरून तुम्हीही घरी करून पाहू शकता: तोंड थोडं उघडं ठेवून जीभ बाहेर काढायला सांगा, बोटाखाली गाठीला ओढ बसल्यासारखं जाणवेल. गंडमाळेच्या गाठी तशा हलत नाहीत, शिवाय त्या सहसा मानेच्या बाजूला आणि एकापेक्षा जास्त असतात.

सिस्ट समजून पाहिलेल्या गाठींमध्ये शंभरात एखाद-दुसरी अशी अडकलेली ग्रंथी निघते. थोड्याच, पण ज्या घरात निघते तिथं चूक परत फिरवता येत नाही.

तुमच्या पोरीच्या बाबतीत मला काळजी कमी वाटते, कारण रिपोर्टात आत पाणी लिहिलंय आणि सर्दीसोबत गाठ लाल होऊन फुगली. भरीव ग्रंथी असं सहसा करत नाही. तरी काळजी कमी वाटणं आणि खात्री असणं यात फरक आहे. जिथं सोनोग्राफी केली तिथं परत जा किंवा सर्जनकडूनच दुसरी चिठ्ठी घ्या आणि एवढंच विचारा: "थायरॉइड तिच्या जागेवर दिसते का?" पाच मिनिटांचं काम आहे. कंठाच्या खाली, श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना ग्रंथीचे दोन भाग आणि मध्ये त्यांना जोडणारी पट्टी असं फुलपाखरू पडद्यावर दिसतं. ते तसं दिसलं की कागदावर लिहून घ्या. मग या कारणासाठी दुसरी कुठलीही मोठी तपासणी लागत नाही आणि ठरलेल्या तारखेला ऑपरेशन करून घ्या. डॉक्टरांना पहिल्या वेळी ग्रंथी दिसलीही असेल आणि लिहायची राहिली असेल. आपल्याकडं रिपोर्ट घाईत लिहिले जातात, त्यात आश्चर्य नाही.

समजा ती जागा रिकामी निघाली, तर ऑपरेशन थांबवायचं. घाबरायचं नाही, थांबवायचं. आधी रक्तातलं टीएसएच आणि थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन टी-फोर तपासतात. मग टेक्निशियमचा स्कॅन करतात. शिरेतून टेक्निशियमचं सौम्य किरणोत्सारी औषध देतात. थायरॉइडचं मांस आयोडीनसारखंच तेही ओढून घेतं, म्हणून ते मांस शरीरात जिथं असेल तिथं कॅमेऱ्यात उजळून दिसतं. कधी गळ्यातली गाठ उजळते, कधी जिभेच्या बुडाशी ठिपका दिसतो. जिभेच्या बुडाशी थांबणं तर सगळ्यात जास्त घडतं. चुकलेल्या जागीच्या दर दहा ग्रंथींपैकी नऊ तिथंच असतात, म्हणजे ती घराबाहेर पडलेलीच नसते. आणि अशा दर दहा जणांपैकी सुमारे सात जणांकडं दुसरी थायरॉइड नसते.

असं निघालं तर उपचार बहुतेक वेळा गोळीचा असतो. लेव्होथायरॉक्सिन रोज सकाळी उपाशीपोटी. बाहेरून हार्मोन मिळालं की पिट्यूटरीचा चाबूक थांबतो आणि फुगलेली गाठ काही महिन्यांत लहान होते. पुष्कळ लेकरांना मग चाकू लागतच नाही. माझ्या त्या पोरीलाही शेवटी गोळीच द्यावी लागली, फक्त तिच्याकडं स्वतःची थोडीही ग्रंथी उरली नव्हती, म्हणून एक दिवस चुकवायची सोय राहिली नाही. ती नंतर उंचीनंही वाढली आणि पुढं शिकलीही. दरवर्षी टीएसएच करून घ्यायला यायची तेव्हा मी तिच्या गळ्यावरची आडवी रेघ पाहायचो.

ऑपरेशनच्या टेबलावर अचानक भरीव गोळा निघाला तर काय, हेही तुमच्या सर्जनला मोकळेपणानं विचारा. चांगला सर्जन म्हणेल की थांबू, गोळा जागेवरच ठेवू आणि आधी त्याचा शोध घेऊ. विचारल्याचा कुणाला राग आला, तर येऊ द्या.

दिवाळीतल्या त्या चिऱ्याबद्दल मालकांना माझा नमस्कार सांगा. सर्दीत अशी गाठ फुगणं नेहमीचं आहे. तोंडातले जंतू त्या जुन्या वाटेनं आत पोचतात. अशा वेळी बाहेरून चिरा दिला की पू निघतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग तिथंच भोक पडून चिकट पाणी झिरपत राहतं. आजूबाजूचं मांस चिकटून जातं आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. पू फारच साठला तर सुईनं ओढून घ्यावा. नाहीतर प्रतिजैविकं द्यावीत आणि लाली, सूज पूर्ण उतरल्यावर महिना-दीड महिना थांबून ऑपरेशन करावं. तुमचं तेवढं थांबून झालेलं दिसतं. तारखेच्या आधी परत लाल झाली किंवा ताप आला, तर तारीख पुढं ढकलायला सांगा.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. गळ्याच्या घडीत तीन-चार सेंटिमीटरची आडवी चीर असते, पोरगी मोठी झाल्यावर ती घडीत मिसळून जाते. एक-दोन दिवस दवाखान्यात राहावं लागेल. पहिल्या रात्री घरचं कुणीतरी जागं राहा. मान भराभर फुगायला लागली, पट्टी ओली लाल झाली किंवा पोरीला श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी नर्सला उठवा. आत रक्त साचलं तर ते लगेच मोकळं करावं लागतं. असं क्वचितच होतं, पण वेळ थोडा मिळतो.

आणि काढलेली गाठ लॅबला पाठवली का, ते विचारा. अशा गाठींपैकी शंभरात एखादीत थायरॉइडचा कॅन्सर सापडतो, तोही बहुतेक मोठ्या माणसांत. आठ वर्षांच्या पोरीत त्याची धास्ती घेऊ नका. मी तो कागद मागतो तो दुसऱ्या कारणानं. त्यावर गाठीसोबत हाडाचा तुकडा आल्याचं लिहिलेलं असतं. पुढं कधी गाठ परत आली, तर दुसऱ्या सर्जनला पहिल्यांदा काय काढलं होतं ते त्यावरूनच कळतं. सोनोग्राफीचे दोन्ही कागद आणि हा तिसरा, एकाच पिशवीत ठेवा.